बंदरांच्या प्रोजेक्टचे संदर्भ एकाच शीटमध्ये कसे भरायचे

मंडळी, ग्रुपवर तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. आपला विषय ठरला, ‘कोकणातली छोटी बंदरं आणि बोटवाहतूक’. कामंही वाटून झाली. हर्णै, गुहागर, देवगड, वेंगुर्ला आणि मी रत्नागिरीची, असे पाच जण. आता गणपतीला सगळे आपापल्या गावी जाणार आणि तिथूनच वाचन करणार. म्हणून जाण्याआधी संदर्भ कुठे आणि कसे लिहायचे ते पक्कं करू. एकच सामाईक गूगल शीट करावी आणि प्रत्येकाने त्यातच भरावं, असं माझं म्हणणं आहे. शीट मी बनवली आहे, लिंक ग्रुपवर टाकते. कशी भरायची ते खाली लिहिलंय. ज्यांनी याआधी संदर्भयादी केलेली नाही, त्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न केला आहे.

गेल्या सत्रात माझ्या ग्रुपने आंब्यावर प्रोजेक्ट केला, तेव्हा संदर्भ व्हॉट्सॲपवर टाकत होतो. कोणी लिंक टाकली, कोणी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो, कोणी नुसतं ‘ते गॅझेटियर’. सबमिशनच्या आदल्या रात्री यादी करायला बसलो, तर एकच लेख तीनदा निघाला आणि दोन पुस्तकांचं साल कोणालाच आठवेना. व्हायवात सरांनी एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे कुठल्या पानावर आहे ते दाखवा.” पुस्तक समोर होतं, पान सापडेना. चुकीचं आम्ही काही लिहिलं नव्हतं. ते कुठून घेतलं, याचा पत्ता मात्र आमच्याकडे नव्हता.

आधी एक गोष्ट पटवून घ्या. शीटमध्ये तयार संदर्भ, म्हणजे ‘लेखक, कंसात साल, मग नाव’ असं पूर्ण वाक्य लिहायचं नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या खणांत लिहायचे. मॅडमनी अजून संदर्भ लिहायची शैली सांगितलेली नाही. एपीए म्हणाल्या तर साल लेखकाच्या मागोमाग येईल, एमएलए म्हणाल्या तर शेवटाकडे जाईल. तुकडे वेगळे असले की शेवटी एका सूत्राने हव्या त्या क्रमाने जोडता येतात. वाक्य करून ठेवलं असेल तर साठ वाक्यं हाताने फोडत बसावं लागेल.

दोन टॅब का आहेत

शीट उघडली की खाली दोन टॅब दिसतील, ‘स्रोत’ आणि ‘नोंदी’. सगळी गंमत या दोन टॅबमध्ये आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

रत्नागिरीचं जुनं गॅझेटियर हे एक पुस्तक आहे. त्यातून गुहागरवाला दाभोळची माहिती घेईल, देवगडवाली विजयदुर्गाची, मी जयगडची. पुस्तक एक आणि त्यातून घेतलेल्या गोष्टी पंधरा-वीस, प्रत्येकीचं पान निराळं. सगळं एकाच टॅबमध्ये भरलं तर पुस्तकाचं नाव वीस वेळा टाइप होईल, वीसपैकी चार वेळा वेगळं टाइप होईल आणि शेवटी ती चार निराळी पुस्तकं वाटू लागतील. म्हणून ‘स्रोत’मध्ये एका पुस्तकाची किंवा लेखाची एकच ओळ. ‘नोंदी’मध्ये त्यातून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची एक ओळ. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे कोड.

कोड सोपा आहे. गावाचं पहिलं अक्षर आणि क्रमांक: `ह-01`, `गु-01`, `र-01`, `दे-01`, `वे-01`. सरळ १, २, ३ न देण्याचं कारण असं की दोघे एकाच वेळी भरत असले तर दोघेही ‘१७’ देतील. गावाचं अक्षर असलं की टक्कर होत नाही. एकदा दिलेला कोड बदलायचा नाही. ती ओळ नंतर नको झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही, कारण तोवर कोणी तरी आपल्या मसुद्यात तो वापरलेला असेल. लिहिताना वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात नुसता कोड आणि पान टाकायचं. शेवटी त्या जागी खरा संदर्भ बसेल.

‘स्रोत’मध्ये तुम्ही भरायचे दहा खण आहेत: A कोड, B प्रकार, C लेखक, D साल, E शीर्षक, F प्रकाशक किंवा नियतकालिक, G डीओआय म्हणजे जर्नलमधल्या लेखाचा ओळखक्रमांक, H लिंक, I पाहिल्याची तारीख, J प्रत कुठे आहे. B मध्ये टाइप करू नका, बाण दाबून निवडा. पुस्तक, लेख, बातमी, वेबपान, सरकारी अहवाल आणि मुलाखत, एवढेच सहा पर्याय ठेवले आहेत. J मध्ये ‘ग्रंथालय’, ‘पीडीएफ ड्राइव्हवर’ किंवा ‘माझ्याकडे झेरॉक्स’ असं काहीही चालेल. हा खण संदर्भयादीत जाणार नाही, पण मागच्या वेळी आमचा सगळ्यात जास्त वेळ प्रत शोधण्यातच गेला.

लेखक लिहिताना आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव. बातमीवर नाव नसेल तर C रिकामा सोडा, तिथे ‘अज्ञात’ लिहू नका. सरकारी अहवालाला माणूस नसेल तर खात्याचं नाव लेखकाच्या खणात. शीर्षक ज्या लिपीत छापलंय त्याच लिपीत. इंग्रजी पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहिलं की नंतर शोधताना ते सापडत नाही.

आकड्यांच्या दोन खोड्या

पहिली खोडी शीटची. तुम्ही ‘नोंदी’मधल्या पानांच्या खणात `10-12` लिहाल, म्हणजे दहा ते बारा. शीटला वाटतं तुम्ही तारीख लिहिली आणि ती आतल्या आत त्याची तारीख करून ठेवते. वरवर कधी कधी दिसायला ठीकच दिसतं. खणावर क्लिक करून वरच्या पट्टीत बघितलं की साल चिकटलेलं दिसतं, तेव्हा समजायचं. `45-52` मात्र जसंच्या तसं राहतं, कारण पंचेचाळीस नावाचा दिवसही नसतो आणि महिनाही नसतो. त्यामुळे काही ओळी बरोबर, काही चूक, आणि चूक लवकर ध्यानात येत नाही.

उपाय लिहिण्याआधीच करायचा. खण निवडून `Format > Number > Plain text`. ‘स्रोत’चे A ते J आणि ‘नोंदी’चे सगळे खण मी तसे करून ठेवले आहेत. पण तुम्ही दुसऱ्या शीटमधून कॉपी करून चिकटवलं तर तिथली रचनाही सोबत येते, म्हणून चिकटवताना `Ctrl+Shift+V` वापरा. फोनवर सरळ टाइपच करा. आधीच तारीख झालेला खण नंतर `Plain text` केला तरी मूळ आकडा परत येईलच असं नाही. पुस्तक उघडून पान पुन्हा बघावं लागतं.

दुसरी खोडी आपल्या कीबोर्डची. मराठी कीबोर्डवर १८८० टाइप होतं, इंग्रजीवर 1880. आपल्याला दोन्ही सारखंच. शीटला नाही. साल लावून क्रम केला की देवनागरी आकड्यांच्या ओळी वेगळ्याच जाऊन बसतात. म्हणून शीटमध्ये सगळे आकडे इंग्रजी, कोडमधले सुद्धा. प्रोजेक्ट लिहिताना खुशाल देवनागरी लिहा.

पान म्हणजे छापलेलं पान

जुनी पुस्तकं आपण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये वाचणार. पीडीएफ उघडली की वर ‘२१४ पैकी’ वगैरे आकडा दिसतो. तो पुस्तकाचा पान क्रमांक नाही. मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका, नकाशे हे सगळं त्यात मोजलेलं असतं. खरा क्रमांक पानाच्या कोपऱ्यात छापलेला असतो. ‘नोंदी’मध्ये तोच लिहायचा. पीडीएफचा आकडा लिहिला तर ग्रंथालयातली प्रत घेऊन बसलेल्या मॅडमना भलतंच पान उघडेल. मागच्या वेळी व्हायवात आमचं नेमकं हेच झालं होतं, हे मला नंतर घरी कळलं.

प्रस्तावनेची पानं रोमन आकड्यांत असतात, ती `xii` अशीच लिहा. वेबपानाला पान नसतं, तिथे उपशीर्षक लिहा किंवा कितवा परिच्छेद ते लिहा. वेबपानाच्या बाबतीत I खण, म्हणजे पाहिल्याची तारीख, रिकामा ठेवू नका. पान उद्या बदलेल किंवा उडेल. महत्त्वाचं वाटलं तर `web.archive.org` वर जाऊन `Save Page Now` मध्ये लिंक टाका आणि तिथून मिळालेली नवी लिंकही H मध्ये लिहा.

एक उदाहरण पुरतं करून दाखवते

मी शीट बनवल्यावर तिघांना म्हटलं, जे हाताशी आहे ते टाका. तीन ओळी आल्या. गुहागरवाल्याने लिहिलं, ‘Ratnagiri Gazetteer, 1880’. देवगडवालीने लिहिलं, ‘कॅम्पबेल, गॅझेटियर खंड १०’. वेंगुर्लावालीने लिहिलं, ‘रत्नागिरी जिल्हा गॅझेटियर, 1962’. बघणाऱ्याला वाटेल तीन पुस्तकं, किंवा घाईत वाटेल तिन्ही एकच.

आहेत दोन. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड म्हणजेच १८८० चं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर, आणि कॅम्पबेल हे त्या मालिकेचे संपादक. त्यामुळे पहिल्या दोन ओळी एकाच पुस्तकाच्या. १९६२ चं मात्र महाराष्ट्र सरकारने नव्याने काढलेलं पुस्तक. विषय तोच, पण मजकूर, पानं आणि आकडे निराळे. दोन्ही एकच समजून पान लिहिलं तर ते कोणालाच सापडणार नाही. आम्ही देवगडची ओळ काढली, गुहागरची ठेवली, ती अशी झाली:

```
कोड: गु-01
प्रकार: पुस्तक
लेखक: Campbell, James M.
साल: 1880
शीर्षक: Gazetteer of the Bombay Presidency, Vol. X: Ratnagiri and Savantvadi
प्रकाशक: Government Central Press, Bombay
```

मूळ पुस्तकात Ratnágiri, Sávantvádi अशी अक्षरांवर चिन्हं आहेत. ती मुद्दाम गाळली, कारण शोधताना ती कोणी टाइप करणार नाही.

आता ‘नोंदी’. तिथे C खणात ‘बंदर’ आहे आणि तेही यादीतून निवडायचंय. हा खण मला सगळ्यात कामाचा वाटतो. जुन्या इंग्रजी कागदांत विजयदुर्ग पुष्कळदा `Gheria` म्हणून येतो. १७५६ साली इंग्रजांनी तो किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, त्या मोहिमेची वर्णनं तर याच नावाने सापडतात. बाणकोटचं `Fort Victoria` होतं. वेंगुर्ल्याची स्पेलिंगं किती, ते वेंगुर्लावालीलाच विचारा. देवगडवालीने पीडीएफमध्ये नुसतं ‘Vijaydurg’ शोधलं आणि म्हणाली, काहीच नाही. होतं, घेरिया या नावाखाली. म्हणून मूळ शब्दांच्या खणात पुस्तकात असेल तेच नाव राहू द्या आणि C मध्ये आपलं आजचं नाव निवडा. नंतर ‘विजयदुर्ग’ निवडलं की दोन्ही नावांच्या नोंदी एकत्र मिळतील.

जिल्ह्यांचंही तसंच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या पुस्तकात ‘रत्नागिरी जिल्ह्यातली बंदरं’ असं आलं तर त्यात मालवण, देवगड, वेंगुर्ला सगळं आलं. १८८० चा किंवा १९६२ चा जिल्ह्याचा आकडा उचलून आजच्या रत्नागिरीच्या आकड्याशेजारी ठेवला तर तुलनाच खोटी. कुलाब्याचं रायगड झालं तेही १९८१ मध्येच. अशी नोंद भरताना ‘आपल्या शब्दांत’च्या खणात ‘जुना जिल्हा’ एवढे दोन शब्द जोडा.

मूळ शब्द वेगळे, आपले शब्द वेगळे

‘नोंदी’मधला D म्हणजे पुस्तकातलं वाक्य अवतरणात, जसंच्या तसं. E म्हणजे तेच आपल्या भाषेत. दोन्ही एकाच खणात लिहिलं की महिन्याभराने कुठलं कोणाचं ते कळत नाही. मग पुस्तकातलं वाक्य अवतरण न देता आपल्या नावावर छापलं जातं. मुद्दाम केलेली चोरी नसते ही, पण पकडली गेली की चोरीच ठरते. वेळ नसेल तर E रिकामा ठेवा, D मात्र भरा.

आणि आकडा वादाचा असेल तर सगळ्यांचे वेगवेगळे भरा. हर्णैवाला ‘रामदास’ बोटीवर लिहितोय. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली, याबद्दल दुमत नाही. पण किती माणसं गेली, याचा आकडा दर लेखात बदलतो, कुठे सहाशेच्या आसपास, कुठे सातशेच्या जवळ. त्याने आधी एकच ‘बरोबर वाटणारा’ आकडा लिहिला होता. मी म्हटलं, तीन लेख असतील तर तीन ओळी कर, प्रत्येकीचा कोड आणि पान वेगळं. कुठला आकडा घ्यायचा ते सगळे मिळून ठरवू आणि प्रोजेक्टमध्ये ‘आकड्यांत तफावत आहे’ असं लिहू. शीटमध्ये एकट्याने निवाडा करायचा नाही.

एकमेकांच्या ओळी पुसल्या जाऊ नयेत म्हणून

पावसात लाईट जाणार, नेट कोणाकोणाच्या गावात फक्त सड्यावर गेल्यावर येणार. म्हणून फोनमधल्या शीट्स ॲपमध्ये फाईलपुढचे तीन ठिपके दाबून `Make available offline` आताच चालू करून ठेवा. पण यात एक धोका आहे. दोघे ऑफलाइन असताना दोघांनाही तीसनंतरची ओळ रिकामी दिसेल आणि दोघेही एकतिसाव्या ओळीत लिहितील. नेट आल्यावर एकाचं राहील, एकाचं जाईल. म्हणून ‘स्रोत’मध्ये प्रत्येकाच्या ओळी आधीच वाटून दिल्या आहेत: हर्णै 2 ते 41, गुहागर 42 ते 81, रत्नागिरी 82 ते 121, देवगड 122 ते 161, वेंगुर्ला 162 ते 201. ‘नोंदी’मध्येही तसंच, प्रत्येकी शंभर ओळी, हद्द रंगाने दाखवली आहे. दुसऱ्याच्या रंगात लिहायचं नाही. चूक दिसली तर खणावर कॉमेंट टाका.

तीच गोष्ट क्रम लावण्याची. सालाप्रमाणे बघायचं असेल तर थेट सॉर्ट करू नका. एकच खण निवडून `Sort range` केलं तर सालं हलतात आणि पुस्तकं जागच्या जागी राहतात, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला दुसऱ्याचं साल. त्याऐवजी `Data > Create filter view` वापरा, त्यात फक्त तुमच्या नजरेपुरता क्रम बदलतो. तरी कोणाच्या हातून झालंच तर घाबरून हाताने दुरुस्त करायला जाऊ नका, मला फोन करा. लॅपटॉपवर `File > Version history > See version history` मध्ये आधीची शीट जशीच्या तशी परत आणता येते. पण मधे लोक लिहीत राहिले तर त्यांचं तेवढं लिखाण मागे जातं, म्हणून लगेच कळवायचं.

एकच लेख दोघांनी टाकला तर तो लाल व्हावा, अशी सोयही केली आहे. जर्नलमधल्या लेखाला बहुतेक वेळा डीओआय असतो, तो `10.` ने सुरू होतो. G खणात तिथपासूनचाच भाग लिहा, आधीचा `https://doi.org/` काढून टाका. एकाने पूर्ण लिंक आणि दुसऱ्याने नुसता क्रमांक लिहिला तर शीट त्यांना वेगळे समजते. हे सूत्र `Conditional formatting` मध्ये घातलंय:

```
=AND($G2<>"",COUNTIF($G$2:$G$201,$G2)>1)
```

जुन्या पुस्तकांना आणि बातम्यांना डीओआय नसतो, तिथे हे सूत्र आंधळं आहे. त्यांच्यासाठी दर रविवारी मी सालाप्रमाणे फिल्टर व्ह्यू लावून डोळ्यांनीच बघणार. गॅझेटियरची गडबड अशीच सापडली होती.

शेवटची यादी K खणात आपोआप तयार होईल. तिथे काही टाइप करू नका आणि तो खण `Plain text` करू नका, नाहीतर यादीऐवजी हे सूत्रच अक्षरशः दिसू लागेल:

```
=C2&" ("&D2&"). "&E2&". "&F2&"."
```

मॅडमनी दुसरी शैली सांगितली तर एवढी एक ओळ बदलून खाली ओढायची. लेखाचा अंक, तिरपा टाइप असलं बारीकसारीक शेवटी वर्डमध्ये हाताने करावं लागेल, ते मी आणि वेंगुर्लावाली करू. ज्या बातमीला लेखक नाही तिथे ओळ नुसत्या कंसाने सुरू झालेली दिसेल, तीही तेव्हाच नीट करू.

‘नोंदी’मधला शेवटचा खण ‘तपासलं’. स्वतःची नोंद स्वतः तपासायची नाही. हर्णैची गुहागरने, गुहागरची मी, माझी देवगडने, देवगडची वेंगुर्लाने, वेंगुर्लाची हर्णैने. तपासणं म्हणजे कोडवरून पुस्तक उघडायचं, लिहिलेलं पान काढायचं आणि D मधलं वाक्य तिथे आहे का ते बघायचं. सगळ्या नोंदी बघायला वेळ नसेल तर ज्यांत आकडा किंवा तारीख आहे तेवढ्या तरी बघा.

एडिट करायची परवानगी आपल्या पाच ईमेलनाच दिली आहे, नुसती लिंक असून इतरांना उघडणार नाही. ज्यांचा कॉलेजचा आयडी चालत नाही त्यांनी मला आजच दुसरा पाठवा. शनिवारपर्यंत प्रत्येकाने एक स्रोत आणि त्याच्या दोन नोंदी भरा, म्हणजे कुठे अडतं ते गावाला जायच्या आधी कळेल. देवगडवाली, घेरियाच्या नोंदी `गु-01` खाली तुझ्या ओळींत टाक, पुस्तकाची नवी ओळ करू नकोस.